गौरी-गणपतीला गावी जाताय? धावण्याचा दम टिकवायला तीन सकाळी पुरतात

गणपतीला कोकणात आठ-दहा दिवस जाणाऱ्या नवख्या धावपटूचे बहुतेक वेळा दोनच प्रकार होतात. एक, बूट घरीच ठेवून जायचं आणि परत आल्यावर 'सगळं शून्यावर आलं' म्हणून हळहळायचं. दोन, रोज पाच किलोमीटर धावायचंच असं ठरवून जायचं, पहिल्या दोन दिवसांतच आरत्या, पाहुणे आणि पावसात ते बारगळायचं, आणि मग उरलेले दिवस रोज थोडंसं रमतगमत जॉगिंग करून समाधान मानायचं. दुसरा प्रकार जास्त शहाणपणाचा वाटतो, पण त्यातून टिकतं फार थोडं. कारण दम टिकवण्यासाठी जे ठेवायला हवं तेच आपण सोडतो, आणि जे सोडलं तरी चालतं ते धरून बसतो.

हा लेख तीन-चार महिन्यांपासून ते वर्षभरापर्यंत धावणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे आठवड्याला तीन-चार दिवस, एकूण वीस-पंचवीस किलोमीटर, आणि रविवारी आठ-दहा किलोमीटरची एक लांब धाव, असं साधारण ज्यांचं चालतं ते.

आधी, नेमकं काय गळतं?

धावणं पूर्ण बंद केलं की सगळ्यात आधी रक्ताचं प्रमाण घटतं. नियमित धावणाऱ्याच्या अंगात रक्तातला द्रवाचा भाग वाढलेला असतो, त्यामुळे हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त ढकलतं. व्यायाम थांबला की ही वाढ पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच ओसरायला लागते. मग त्याच वेगाला नाडी जास्त पळते आणि आपल्याला वाटतं, दम गेला. अमेरिकेत एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये चांगल्या तयारीच्या खेळाडूंचा व्यायाम पूर्ण बंद करून मोजमाप केलं होतं. शरीर कमाल किती प्राणवायू वापरू शकतं, म्हणजे ज्याला घड्याळांवर व्हीओटू मॅक्स म्हणतात, ते पहिल्या तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्क्यांनी उतरलं. लक्षात घ्या, हे काहीच न करता. तेव्हा दहा दिवसांत शून्यावर वगैरे कोणी येत नाही.

आता खरी उपयोगाची गोष्ट. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात रॉबर्ट हिक्सन यांनी १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात प्रयोगांची एक मालिकाच केली. लोकांकडून दहा आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, रोज ४० मिनिटं कसून व्यायाम करून घेतला आणि नंतर पंधरा आठवडे त्यातली एकेक गोष्ट कमी केली. एका प्रयोगात दिवस कमी केले, सहाचे चार किंवा दोन. व्हीओटू मॅक्स टिकलं. दुसऱ्यात मिनिटं कमी केली, ४० ची २६ किंवा १३. तरीही टिकलं, फक्त १३ मिनिटंवाल्यांचा लांब पल्ल्याचा टिकाव उतरला. तिसऱ्यात दिवस आणि मिनिटं तशीच ठेवून जोर कमी केला, आणि तेव्हा मात्र घसरण झाली.

म्हणजे दिवस कापा, मिनिटं कापा, जोर कापू नका. सुट्टीतलं सगळं नियोजन या एका वाक्यावर बसवता येतं.

गावी न्यायची दोन सत्रं

पहिलं सत्र चढाचं. गावात कुठेतरी दोन-तीनशे पावलांचा चढ असतोच. देवळाकडे जाणारा, नाही तर खालच्या वाडीतून वरच्या वाडीला येणारा डांबरी रस्ता. दहा मिनिटं अगदी सावकाश धावून अंग गरम करा. मग चढावर ४५ ते ६० सेकंद जोरात, वर पोचलात की वळून चालत खाली. असे सहा वेळा. शेवटी पाच मिनिटं सावकाश धावत घरी. सगळं मिळून अर्धा तास होतो.

'जोरात' म्हणजे किती, हा नवख्यांचा नेहमीचा प्रश्न. वर पोचल्यावर तुम्हाला दोन-तीन शब्दांपेक्षा जास्त बोलता येऊ नये, पण गुडघ्यावर हात टेकून उभं राहायचीही वेळ येऊ नये. सहावा चढ पहिल्याइतक्याच वेळात झाला तर जोर बरोबर लागला. चौथ्यालाच पाय ओढायला लागले तर पहिले दोन जास्त जोरात झाले, आणि पहिले तीन होऊनही गप्पा मारता येत असतील तर अजून जोर हवा. धावायला लागून तीन महिनेही झाले नसतील तर ३० सेकंदांचे चारच चढ करा.

मी सपाटीवरच्या वेगवान धावेपेक्षा चढ सुचवतो त्याला कारण आहे. चढावर हृदयाला आणि फुप्फुसांना भरपूर काम पडतं, पण प्रत्यक्ष वेग कमी असतो. पावसातल्या निसरड्या रस्त्यावर हे फार मोलाचं आहे. शिवाय किलोमीटर मोजायची गरज नाही, घड्याळातल्या सेकंदांवर भागतं. चढ अजिबात नसेल, समजा गाव किनारपट्टीच्या सपाटीवर आहे, तर एक मिनिट जोरात आणि दीड मिनिट सावकाश असं सहा वेळा करा.

दुसरं सत्र दमदार धावेचं. वीस मिनिटं सावकाश, मग दहा मिनिटं अशा वेगाने की एखादं छोटं वाक्य बोलता येईल पण गोष्ट सांगता येणार नाही, आणि शेवटी पाच मिनिटं सावकाश. एकूण ३५ मिनिटं. हे हिक्सनच्या १३ मिनिटंवाल्यांचं जे हुकलं त्याची थोडी भरपाई करतं.

दोन सत्रांमध्ये किमान एक दिवस मोकळा हवा. आठ-दहा दिवसांच्या मुक्कामात चढ, दमदार, चढ अशी तीन सत्रं झाली की काम झालं.

याखेरीज एक छोटी गोष्ट, तिला सत्र म्हणायचंही कारण नाही. ओटीच्या पायरीवर एका पायाच्या चवड्यावर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायची आणि वर उचलायची, प्रत्येक पायाने बारा वेळा, असं दोनदा. त्याला जोडून पंधरा उठाबशा, त्याही दोनदा. सात-आठ मिनिटं लागतात आणि दोन दिवसांआड केलं तरी पुरतं. सुट्टीनंतर परत धावायला लागल्यावर छातीतल्या दमापेक्षा पोटऱ्या आणि टाचेमागची शीर आधी कुरकुरते, ती या पायरीने बरीच शांत राहते.

सकाळ कोणती निवडायची

इथे बहुतेकांचं गणित चुकतं, कारण ते वारांवर आखतात. गावी वार चालत नाहीत, तिथी चालतात. आणि गौरी तर नक्षत्रावर येतात, अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळावर विसर्जन, त्यामुळे त्यांचा दिवस दरवर्षी मागेपुढे होतो. निघण्याआधी कॅलेंडर घेऊन बसा आणि आधी न धावण्याचे दिवस खोडा.

चतुर्थी खोडाच. मूर्ती मूर्तिकाराच्या शाळेतून आणायची, मखर, पूजा, पाच घरच्या आरत्या, त्या दिवशी धावायचा विचारही करू नये. नंतरच्या एखाद्या पूजेला तुम्हीच बसणार असाल किंवा पूजा होईपर्यंत तोंडात काही घालणार नसाल तर त्या सकाळी चढाचं सत्र नको. पूजा आटपायला दुपारचा एक वाजतो आणि जोराचं काम करून तेवढा वेळ उपाशी बसलात की बसल्या जागी गरगरायला लागतं. हरतालिकेचा निर्जळी उपवास धरणाऱ्या बायकांनी तो दिवस आणि शक्य तर दुसऱ्या दिवसाची सकाळही सोडून द्यावी.

गौरीपूजनाच्या रात्री जागर असतो. झिम्मा-फुगडी रात्री एक-दोनपर्यंत चालते, रत्नागिरीकडे जाखडीचा नाच असतो. याला व्यायाम धरू नका, पण पायांवरचा ताण म्हणून जरूर धरा. तासभर फुगडी घातलेल्या पोटऱ्यांना सकाळी सहाला चढावर नेण्यात काही अर्थ नाही.

उरलेल्या सकाळींपैकी ऋषिपंचमीची सकाळ मला सगळ्यात सोयीची वाटते. मुख्य पूजा झालेली असते, घर थोडं उशिरा जागं होतं आणि जेवणही हलकं असतं. ऋषीची भाजी खाऊन कोणाचं पोट जड झाल्याचं ऐकिवात नाही.

आणि घरच्यांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा. पहाटे दार उघडताना "कुठे गो चाललीस एवढ्या काळोखात?" असा आजीचा आवाज आला की तिला समजावण्यातच दहा मिनिटं जातात. "आजी, उद्या सकाळी अर्धा तास देवळापर्यंत जाऊन येते, चहाच्या आधी परत येते" एवढं सांगितलं की पुरतं. देवळाचं नाव घेतलं की परवानगी लवकर मिळते, हा एक अनुभव.

एक खरा आराखडा

माझी आतेबहीण ठाण्याला राहते, धावायला लागून वर्ष व्हायचंय. मंगळवार, गुरुवार, शनिवार चार-पाच किलोमीटर आणि रविवारी दहा, असं तिचं चालतं. तिचं सासर गुहागर तालुक्यात. गेल्या खेपेला तिच्यासाठी आखलेलं आणि प्रत्यक्षात घडलेलं असं होतं.

चतुर्थीच्या तीन दिवस आधी तिने ठाण्यातच नेहमीची दहा किलोमीटरची धाव केली. बारा-चौदा करून 'साठा' करावा असं तिच्या मनात होतं, तो बेत मी मोडून काढला. दमाचा साठा होत नाही, आणि थकलेल्या पायांनी रात्रभर रेल्वेत अवघडून बसलं की पोटऱ्या आखडतात तेवढंच. दुसऱ्या दिवशी बांधाबांध आणि रात्रीची तुतारी एक्स्प्रेस, चिपळूणला उतरून पुढे गाव. हरतालिका आणि चतुर्थी, दोन्ही दिवस काही नाही.

ऋषिपंचमीला पावणेसहाला बाहेर, चढाचं सत्र, सव्वासहाला परत. ठरल्याप्रमाणे सहा चढ झाले. पुढच्या दिवशी फक्त पायरीवरचा व्यायाम.

आवाहनाच्या सकाळी दमदार धावेचं सत्र होतं. पण पहाटे मुसळधार लागली ती साडेसहापर्यंत थांबेना आणि साडेसातला तिला स्वयंपाकघरात हवंच होतं. हातात होती जेमतेम २५ मिनिटं. अशा वेळी हात नेहमी चुकीच्या जागी कात्री चालवतो, जोराचा भाग गाळून सावकाश धावून परत येतो. तिने उलट केलं. सुरुवातीची वीस मिनिटं दहावर आणली, मधली दहा तशीच ठेवली, शेवटची पाचही ठेवली. पंचवीस मिनिटांत सत्र झालं.

तिसरं सत्र विसर्जनाच्या सकाळी होतं. जागर दीड वाजता संपला, झोप मिळाली चार तास. इथे साधा नियम आहे: पाच तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर जोर नाही. एक तर वीस मिनिटं सावकाश धावायचं, नाही तर सरळ झोपायचं आणि सत्र दुसऱ्या दिवशी ढकलायचं. ती झोपली. दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीआधी सकाळी चढ केले, सहाऐवजी पाच.

दहा-बारा दिवसांत ती तीनदाच धावली, मिळून दीड तासाच्या आत. एखादं सत्र आणखी हुकलं असतं तर? तर दमदार धाव सोडायची, चढाचं सत्र वाचवायचं. आणि हुकलेलं सत्र दुसऱ्या दिवशीच्या सत्राला जोडून दोन्ही एकदम करायची नाहीत, हे तर ठरलेलंच.

रस्ता, पाऊस आणि चिखल

भाद्रपदात जांभ्या दगडाच्या पायऱ्यांच्या वाटेवर, म्हणजे पाखाडीवर, शेवाळ असतं. दिसायला हिरवं मखमली, पण पायाखाली साबण. पाखाडी चालण्यासाठी ठेवा, धावा डांबरी रस्त्यावरच, आणि चढ संपल्यावर खाली उतरताना धावू नका. पडायला होतं ते चढताना नाही, उतरताना. पानांचा कचरा पडलेली वळणं टाळा. पहाट काळोखी असते, दिवे जातात, म्हणून डोक्याला बांधायची बॅटरी किंवा निदान हातातली हवी. प्रकाश गाड्यांसाठी तर हवाच, पण रस्त्याच्या कडेला पडलेल्या फुरशासाठीही हवा. उजाडायची वाट पाहून निघालात तर उत्तम. वाडीतले कुत्रे धावणाऱ्यामागे लागतात, त्यांच्या टापूत चालायला लागा, शंभर पावलांनी परत धावा.

भिजलेल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून चुलीपासून लांब, पंख्याखाली ठेवा आणि दोन तासांनी बोळे बदला. चुलीजवळ ठेवले की तळव्याचा गोंद सुटतो. मोज्यांचे तीन जोड न्या, कारण त्या हवेत काहीच वाळत नाही.

दमटपणामुळे तुमचा वेग घड्याळात कमी दिसेल आणि नाडी जास्त. ते खरं मोजमाप नाही. गावी असताना वेगाचा आकडा पाहूच नका, बोलता येतंय का यावरच जोर ठरवा.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. भातशेतीच्या साचलेल्या पाण्यातून, चिखलातून धावू नका, आणि पायाला चिरा किंवा फोड असतील तर अजिबातच नाही. पावसाळ्यात कोकणात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आढळतात, उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून तो जखमेवाटे शिरतो. त्यात ताप, डोकेदुखी आणि पोटऱ्यांचं तीव्र दुखणं येतं. धावणारा माणूस पोटरीच्या दुखण्याला चढाचं दुखणं समजून अंगावर काढतो, म्हणून फरक सांगतो. चढाचं दुखणं दुसऱ्या दिवशी वाढतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं आणि त्यासोबत ताप नसतो. गावाहून आल्यावर महिनाभरात कधीही ताप आणि पोटऱ्या दुखणं एकत्र आलं तर डॉक्टरांकडे जा आणि चिखलातून गेल्याचं आवर्जून सांगा.

परत आल्यावरचा आठवडा

प्रवासानंतरचा पहिला दिवस सोडा. मग चार किलोमीटर सावकाश. बहिणीची नाडी नेहमीच्या वेगाला १४५ च्या आसपास असते, त्या दिवशी १५२ दिसली आणि तिने लगेच फोन केला. अपुरी झोप, प्रवास, कमी प्यायलेलं पाणी आणि थोडं घटलेलं रक्त, या सगळ्यांचा तो एकत्रित आकडा होता. तिसऱ्या धावेला ती पूर्ववत झाली. आठवडा उलटूनही सावकाश वेगाला नाडी तेवढीच चढी राहिली, तर मात्र एखादा आजार अंगात आहे का ते पाहायला हवं.

वजनाचा काटा किलो-दीड किलो वर गेलेला दिसेल. मोदक, घावणे, पुरणपोळ्यांतून स्नायूंत साठलेली साखर आणि तिच्यासोबत धरलेलं पाणी हा त्यातला मोठा हिस्सा असतो आणि तो आठवडाभरात उतरतो. त्यासाठी जेवण तोडून धावायला लागू नका.

दुसरी धाव पाच किलोमीटर, शेवटी वीस-वीस सेकंदांच्या चार वेगवान झेपा. पहिली लांब धाव नेहमीच्या दहाऐवजी आठ किलोमीटर, आणि त्यापुढच्या रविवारी परत दहा. अकरा-बारावर उडी मारू नका. हाफ मॅरेथॉनच्या वेळापत्रकात त्या आठवड्यांसाठी चौदा लिहिलं असेल, तरी शेवटची जी लांब धाव खरोखर झाली होती तिथूनच धागा उचला आणि वेळापत्रक दोन आठवड्यांनी मागे सरकवा. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्याला गणपतीनंतर साधारण चार महिने किंवा जवळपास तेवढे असतात, तेव्हा हे सहज बसतं.

दिवाळीत तेवढी मोकळीक नसते. लक्ष्मीपूजनापासून जानेवारीतल्या शर्यतीपर्यंत साधारण दहा-बारा आठवडे उरतात आणि लांब धावांचा काळ नेमका तोच असतो. या दोन सत्रांनी हृदय आणि फुप्फुसं सांभाळली जातात, दोन तास पायांवर राहण्याची सवय नाही. म्हणून दिवाळीत गावी जाताना चढाचं सत्र एकच ठेवा आणि दमदार धावेच्या जागी भाऊबीजेनंतरच्या एखाद्या सकाळी दीड तासाची सावकाश धाव घाला. तीन आठवड्यांहून लांबलेल्या मुक्कामाला, मग तो परदेशी मुलाकडचा का असेना, लांब धावेची अशीच भर लागते: आठवड्याला एक चढाचं, एक दमदार, आणि दर दुसऱ्या आठवड्याला एक लांब.